विहीर ‘होती’ की ‘असायची’?

प्रश्न : इंग्रजी कथेचा अनुवाद करताना ‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’ या दोन्हींसाठी ‘-आयचा’ हे रूप चालेल का?

उत्तर : नेहमी नाही. भूतकाळातील सवय सांगताना ‘वुड’ फक्त पुन्हा पुन्हा घडणारी कृती दाखवतो. ‘यूज्ड टू’ स्थितीही दाखवतो. ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ म्हणजे ‘इथे पूर्वी विहीर होती’. ‘विहीर असायची’ म्हटले, तर ती कधी असे, कधी नसे, असा भास होतो.

‘एव्हरी इव्हनिंग ग्रँडमा वुड टेल अस स्टोरीज’ ही मात्र कृती आहे. बोलण्याच्या ओघात ‘आजी रोज संध्याकाळी गोष्टी सांगायची’, संथ निवेदनात ‘सांगत असे’, जुन्या वळणाच्या गद्यात ‘सांगे’. ‘सांगेल’ लिहिले, की भविष्यकाळ होतो. निवेदकाचा सूर ओळखा आणि त्याला साजेसे रूप शेवटपर्यंत सांभाळा.