रोजंदारी मजुराचा अखेरचा हिशेब : उचल आणि खाडे

भिवंडी तालुक्यात भाताची कापणी, बांधणी व झोडणी संपली की मजुरांचे हिशेब चुकते करण्याची वेळ येते. हंगामात घेतलेली उचल आणि पडलेले खाडे यांची गल्लत होऊन या वेळी तंटे उद्भवतात. ते टाळण्यासाठी हजेरी आणि उचल यांच्या नोंदी निरनिराळ्या पानांवर ठेवाव्यात.

प्रथम हजेरी पाहावी. समजा, एक मजूर 4 ऑक्टोबरपासून 27 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे 24 दिवस, कामास बांधला होता. ठरलेला रोज 500 रुपये. त्याचे 4 खाडे झाले व एके दिवशी तो स्वतःच्या कामासाठी दुपारी निघून गेला. आणखी एके दिवशी तो शेतावर हजर झाला, परंतु परतीच्या पावसामुळे मालकाने त्यास परत पाठविले. हा दिवस खाडा नव्हे. मजुराने कामास नकार दिलेला नाही, म्हणून तो पूर्ण धरावा. अशा रीतीने 19 पूर्ण व 1 अर्धा, म्हणजे साडेएकोणीस रोज भरले. मजुरी 9,750 रुपये झाली.

नंतर उचलीचे पान घ्यावे. श्रावणात 2,000 रुपये, बाजाराच्या दिवशी 500 रुपये व दुकानातून घेऊन दिलेला 700 रुपयांचा तांदूळ, मिळून 3,200 रुपये. ही रक्कम एकदाच वजा करावी. मजुराच्या हाती 6,550 रुपये पडले पाहिजेत.

येथे नेहमी होणारी चूक अशी की, भरलेल्या रोजांचीच मजुरी धरून तीतून खाड्यांचे 2,000 रुपये पुन्हा कापले जातात. मजुराला 4,550 रुपयेच मिळतात. वास्तविक खाड्याचा रोज आकारलेलाच नसतो. मग तो कापावयाचा कशातून? पडताळा सोपा आहे. पूर्ण 24 दिवसांच्या 12,000 रुपयांतून साडेचार रोजांचे 2,250 रुपये वजा केल्यास तीच 9,750 ही रक्कम यावी. न आल्यास खाडे दोनदा कापले गेले आहेत असे समजावे.

वेतन संहिता, 2019 नुसार काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत मजुरी द्यावयाची असते व एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. उचल फिटली नाही म्हणून मजुरास पुढील हंगामासाठी अडकवून ठेवणे ही वेठबिगारी होय. 1976 च्या कायद्याने ती गुन्हा ठरली आहे.

प्रत्येक उचलीची तारीख, रक्कम व मजुराची सही किंवा अंगठा त्याच दिवशी घ्यावा. हिशेब मजुरास वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत त्यास द्यावी.