आपटायचा चेंडू: कोणता घ्यावा, किती पैसे मोजावेत

क्रीडासाहित्याच्या दुकानात ‘मेडिसिन बॉल’ मागितला की दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंपैकी हाताला येईल ती काढून देतो. पहिला कडक रबराचा, टप्पा घेणारा. दुसरा वॉल बॉल, म्हणजे रेक्झिनचा शिवलेला, मोठा आणि मऊ, भिंतीवर फेकून झेलायचा. तिसरा स्लॅम बॉल, आत वाळू भरलेला, जो पडला की पडतो. जमिनीवर जोरात आपटायचा असेल तर फक्त तिसराच घ्यावा. रबरी चेंडू आपटला तर तो जोराने उसळून तोंडावर येतो, आणि वॉल बॉल आपटला तर त्याची शिवण उसवते.

दुकानातच खात्री करता येते. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडा. वीतभरही उसळला नाही, तर तो आपल्या कामाचा. चार किलोचा स्लॅम बॉल साधारण हजार ते दीड हजारात मिळतो, वॉल बॉलला सहसा त्याहून बरेच जास्त पडतात. गच्चीवर किंवा फ्लॅटमध्ये आपटणार असाल तर जाड रबरी मॅट धरून आणखी हजार-दीड हजार वाढवा. मॅट घातली तरी खालच्या मजल्यावर धप्प आवाज जातोच, म्हणून मैदानातली माती सर्वांत स्वस्त.

पैसे वाचवायचे असतील तर जुना बास्केटबॉलही चालतो. हवा काढून छोटी चीर द्यायची, फनेलने चार किलो कोरडी वाळू भरायची आणि पंक्चरवाल्याकडून पॅच मारून घ्यायचा. एवढ्या वाळूने चेंडू अर्धाही भरत नाही, आणि ते बरंच, कारण सैल चेंडू उसळत नाही. पॅच मात्र कधीतरी सुटणारच, त्यामुळे हा प्रयोग घरात करू नये.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते वजनात. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी, वय पंचेचाळीस, नियमित स्क्वॅट्स करणाऱ्या, हौसेने आठ किलोचा चेंडू आणला. तो डोक्यावर न्यायलाच त्यांना दोन सेकंद लागायचे आणि खाली तो आपटला जाण्याऐवजी नुसता सुटायचा. हा व्यायाम ताकद किती वेगाने बाहेर पडते याचा आहे. वेग गेला की उरते ती हमाली. चार किलोवर आल्यावर चेंडूचा आवाजच बदलला. बहुतेकांना तीन ते पाच किलो पुरतात.

वहिनींचं वेळापत्रक असं आहे. आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून. आठ-दहा मिनिटं अंग गरम करायचं आणि मग वजनांच्या आधी, ताज्या अंगाने चेंडू. आपटण्याचे पाच-पाचचे चार सेट. पाय खांद्याएवढे, चेंडू डोक्यावर, टाचा किंचित उचलायच्या, मग श्वास सोडत पोट आवळून चेंडू चवड्यांपुढे आपटायचा. नुसते हात नाहीत, कंबरेतून अंग घडी होतं. उचलताना गुडघे वाकवायचे. पाठ गोल करून उचलणाऱ्यांचीच कंबर पुढे कुरकुरते. त्यानंतर मैदानात छातीपासून पुढे फेक, चार-चारचे चार सेट. पहिल्या आठवड्यात दोन्हींचे तीनच सेट केले होते.

प्रत्येक सेटनंतर दीड मिनिट विश्रांती. इथे बहुतेक जण कंजूषपणा करतात, कारण वीस सेकंदांच्या कामानंतर दम लागलेला नसतो आणि उभं राहणं विचित्र वाटतं. पण असा झटका ज्या तात्काळ इंधनावर चालतो, ते फॉस्फोक्रिएटिन स्नायूंत पुन्हा भरायला वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात साधारण अर्धंच भरतं, बरंचसं भरायला मिनिटं जातात. वीस सेकंदांत पुन्हा सुरू केलंत तर घाम भरपूर येईल, दम वाढेल, पण झटका मिळणार नाही. सगळी विश्रांती धरूनही चेंडूचं काम बारा-पंधरा मिनिटांत आटोपतं.

थांबायचं कधी, हे खडू सांगतो. वहिनींची सर्वांत लांब फेक साडेपाच मीटर. तिथे एक खूण आणि अर्धा मीटर अलीकडे दुसरी. फेक अलीकडच्या खुणेपर्यंत पोहोचेनाशी झाली, की राहिलेले सेट सोडायचे. आपटण्यात हीच खूण आवाजाची: धप्पचं भद्द झालं की संपलं. आठवड्यांमागून आठवडे खूण तसूभरही पुढे सरकली नाही, तर पाच किलोचा चेंडू घेण्यापूर्वी विश्रांती घड्याळ लावून मोजा, बिघाड बहुधा तिथेच सापडतो.

रक्तदाब वाढलेला, हर्निया, खांद्याचं जुनं दुखणं किंवा नुकतंच बाळंतपण झालेलं असेल, तर चेंडू घेण्याआधी डॉक्टरांची फी भरा. आणि चेंडू घरी आला की महिन्याला एकदा सांध्यावरून हात फिरवा. बोटांना वाळू लागली तर बिल शोधा.