निर्देशिका बिघडलेल्या कार्डावरील छायाचित्रे

समारंभाच्या छायाचित्रांचे कार्ड संगणकाला वाचता आले नाही, तरी चित्रे बहुधा जागेवरच असतात. हरवतो तो निर्देशिकेतील त्यांचा पत्ता. समारंभ काही पुन्हा होत नाही, म्हणून कार्डावर नवे काहीही न लिहिता प्रथम त्याची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. PhotoRec ही आज्ञावली त्या प्रतीत जेपेग चित्राची आरंभखूण `FF D8 FF` शोधून तेथून चित्र वेगळे काढते. अंतखूण `FF D9` असते. परंतु चित्रात दडलेल्या लघुचित्रालाही तीच खूण असल्याने पहिल्या खुणेपाशी थांबणे फसवे ठरते. चित्राचे तुकडे विखुरलेले असल्यास वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि खाली करडा पट्टा किंवा भलतेच दृश्य उमटते. मूळ नावे निर्देशिकेबरोबरच जातात. क्रम मात्र चित्रातच नोंदलेल्या दिनांक-वेळेवरून बहुधा लावता येतो.