जगप्रदक्षिणेचं तिकीट घ्यावं का?

चि. सईस,


तुझी यादी पाहिली: मुंबई, सिंगापूर, सिडनी, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, न्यू यॉर्क, फ्रँकफर्ट आणि परत मुंबई. यासाठी स्टार अलायन्सचं जगप्रदक्षिणेचं तिकीट काढू का, असं विचारतेस. इकॉनॉमीने जाणार असशील, तर माझ्या मते नको.

कारण सांगतो. या तिकिटाचं भाडं मैलांच्या पायऱ्यांवर ठरतं: २९,०००, ३४,००० आणि ३९,०००. तुझा मार्ग भरतो साधारण २७,००० मैल, म्हणजे पहिल्या पायरीतले दोनेक हजार मैल वायाच जाणार. शिवाय तुझ्या यादीतल्या बहुतेक मार्गांवर स्पर्धा तगडी आहे. मुंबई-सिंगापूर किंवा सॅन फ्रान्सिस्को-न्यू यॉर्कची सुटी तिकिटं वेळेवर काढलीस तर स्वस्त पडतात. इंडिगोसारख्या अलायन्सबाहेरच्या कंपन्यांना तर या तिकिटात जागाच नाही.

आता यात साओ पाउलो घातलंस, तर चित्र बदलतं. न्यू यॉर्कहून खाली साओ पाउलो आणि तिथून फ्रँकफर्ट धरलं की बेरीज ३४,००० च्या जेमतेम आत बसते. अशा लांबच्या एकेरी तिकिटांना फार पैसे पडतात, तिथे हे तिकीट बाजी मारू शकतं. बिझनेस क्लासमध्ये तर बहुधा मारतंच.

पण नियम नीट वाच. पूर्वेला निघालीस की पूर्वेलाच जायचं. पॅसिफिक आणि अटलांटिक एकेकदाच ओलांडायचे. सिडनीहून टोकियो चालतं, कारण ते एकाच विभागात येतं. पण सॅन फ्रान्सिस्कोहून पुन्हा टोकियो नाही. उड्डाणं जास्तीत जास्त सोळा, आणि विमान बदलायला तासभर उतरलीस तरी पुढचं उड्डाण मोजलं जातं. मधला टप्पा रेल्वेने केलास, तरी तेवढे मैल हिशेबात धरतात. तेव्हा काठावरचा मार्ग आखू नकोस. एवढ्याशा वळणाने पुढच्या पायरीचे पैसे भरावे लागतात.

सगळ्यात महाग पडते ती न सांगता मारलेली दांडी. एखादं उड्डाण चुकवलंस, की पुढची सगळी रद्द होऊ शकतात. उलट, विमानाला उशीर होऊन पुढचं उड्डाण हुकलं, तर दुसरी सोय करणं कंपनीवर येतं. सुट्या तिकिटांत तो भुर्दंड तुझा.

तारखा बदलता येतात, याची मात्र जाहिरात फार होते. त्याच श्रेणीत जागा असेल तरच बदलतात, आणि आपल्या पासपोर्टवर व्हिसाच्या तारखा आधी बघाव्या लागतात. शेंगेनचा व्हिसा जूनपर्यंत असेल, तर जुलैची मोकळीक काय कामाची? म्हणून तिकिटाआधी सगळ्या व्हिसांच्या मुदती एका कागदावर मांड.

जगप्रदक्षिणेच्या तिकिटाचं आणि सुट्या तिकिटांचं भाडं त्याच तारखांना, सामान आणि कर धरून ताडून बघ. साओ पाउलोचं काय ठरतंय ते कळव.

तुझा,
मामा