शिकवण्यात गेलेले तास कुठे मांडायचे?

प्रश्न : भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मी सीएनसी विभाग पाहतो. आमच्या सर्वांत जुन्या सेटरने वर्षभर तीन नव्या मुलांना तयार केलं, पण त्याचं स्वतःचं उत्पादन टार्गेटच्या ८० टक्केच भरलं. अप्रेझलमध्ये त्याचे गुण कापवत नाहीत आणि नुसते मनाने वाढवले तर बाकीचे जाब विचारतील. काय करावं?

उत्तर : गुण देण्याआधी टार्गेट तपासा. ते आठ तासांच्या पाळीवर ठरलं होतं. सेटरचे रोजचे दोन तास मुलांना ऑफसेट आणि टूल सेटिंग दाखवण्यात गेले असतील, तर उत्पादनासाठी सहाच तास उरले. म्हणजे त्याच्याकडून ७५ टक्क्यांचीच अपेक्षा हवी होती आणि त्याने ८० दिले. तो मागे पडलेलाच नाही.

इथे फक्त त्याचं नुकसान भरून निघालं. शिकवण्याचं श्रेय अजून द्यायचं आहे आणि ते तासांवर देऊ नका. शेजारी उभं राहणं म्हणजे शिकवणं नव्हे. मुलं कुठून कुठे पोचली ते पाहा. तुमच्याकडे स्किल मॅट्रिक्स असेल, तर एप्रिलचा आणि मार्चचा तक्ता शेजारी ठेवा : कोण नुसता शिकत होता, कोण देखरेखीखाली काम करायचा, आज कोण एकट्याने जॉब लावतो. तक्ता नसेल तर पहिल्या पीसच्या तपासणीचं रजिस्टर काढा. सेटिंग कुणी केलं आणि पहिला पीस पास झाला का, हे त्यात सापडतं.

माझा सर्वांत जास्त भरवसा सेटरच्या रजेच्या दिवसांवर आहे. त्या दिवसांचं रिजेक्शन आणि सेटिंगला लागलेला वेळ पाहा. काम सुरळीत चाललं असेल, तर त्याने खरोखर माणसं घडवली. मशीन त्याची वाट पाहत थांबली असेल, तर त्याने मदत केली, पण हातातली किल्ली सोडली नाही. अशा माणसाभोवती मुलांची गर्दी कायम दिसते आणि वरवर पाहणाऱ्याला तोच मोठा गुरू वाटतो. मात्र दोन-तीन रजांवरून निकाल देऊ नका. मुलांना वेगवेगळं बसवून विचारा, ‘आज एकट्याने करतोस असं कोणतं काम एप्रिलमध्ये येत नव्हतं, आणि ते कुणी दाखवलं?’ तिघांनी त्याच कामांसाठी त्याचंच नाव घेतलं, तर पुरावा भक्कम आहे.

एखादा मुलगा मुळातच हुशार असतो, एखादा शिकून दुसरीकडे नोकरी धरतो. पहिल्याचं सगळं श्रेय सेटरचं नाही, तसा दुसऱ्याचा दोषही त्याचा नाही. नेमकी वाटणी कुणालाच करता येत नाही, म्हणून अर्ध्या-पाव गुणांचा काथ्याकूट टाळा.

हे आकडे समोर असले की बाकीच्यांनाही उत्तर देता येईल. आणि येत्या एप्रिलमध्येच त्याच्या टार्गेटमध्ये लिहा : सहा तास उत्पादन, दोन तास प्रशिक्षण, आणि वर्षअखेर कोणत्या मुलाने कोणता जॉब एकट्याने लावायचा.