गच्चीवरच्या टाकीपासून मोजायला लागा

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीत खाली स्टिल्ट आणि वर 14 मजले आहेत. पाण्याची समिती माझ्याकडे बरीच वर्षे आहे. वरचे म्हणतात शॉवरला धार नाही, खालचे म्हणतात नळाचे वॉशर टिकत नाहीत. दोन्ही तक्रारी एकाच हिशेबात बसतात. तो हिशेब करताना जे हाती लागलं, ते लिहितो.

1. सगळं मीटरमध्ये आणा.
पंपाच्या पाटीवर हेड मीटरमध्ये लिहिलेलं असतं, गेजवर पीएसआय किंवा किलो असतं आणि गीझरच्या पुस्तिकेत बार. तीन एककं एकाच बैठकीत वापरली की वाद वाढतो, उत्तर मिळत नाही. 1 बार म्हणजे पाण्याचा 10.2 मीटर उंच स्तंभ. 1 पीएसआय म्हणजे 0.7 मीटर. गेजवरचा 'एक किलो' (म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलो) बरोबर 10 मीटर. बार आणि किलो यांत फरक दोन टक्क्यांचा आहे, इमारतीच्या कामात तो सोडून द्यावा. पीएसआयला 0.7 ने गुणा, बारला 10 ने, आणि मग बोला. साधारण 3 मीटरच्या एका मजल्याला 0.3 बार, म्हणजे सव्वाचार पीएसआय, एवढं तोंडपाठ असलं तरी निम्मं काम होतं.

2. उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची, टाकीच्या बुडापासून किंवा गच्चीपासून नाही.
नळ बंद असताना त्याच्यावरचा दाब एकाच गोष्टीवर ठरतो: टाकीतल्या पाण्याचा पृष्ठभाग नळाच्या किती वर आहे. आमच्याकडे गच्ची 45 मीटरवर आहे. टाकी चौथऱ्यावर बसवलेली, त्यामुळे ती अर्धी भरलेली असताना पाणी 48 मीटरवर असतं. स्वयंपाकघरातला नळ जमिनीपासून 1 मीटरवर धरला, तर चौदाव्या मजल्यावर तो 43 मीटरवर येतो. उरतात 5 मीटर, म्हणजे अर्धा बार, 7 पीएसआय. शॉवर आणखी मीटरभर वर, तिथे 4 मीटरच. दहाव्या मजल्यावर नळाला 17 मीटर मिळतात, सातव्यावर 26, आणि पहिल्या मजल्यावर 44 मीटर, म्हणजे 4.3 बार किंवा 62 पीएसआय. पाणी तेच आणि टाकीही तीच, पण पहिल्या मजल्याला चौदाव्याच्या जवळजवळ नऊपट दाब मिळतो. टाकी तळाला गेली की वरच्यांचा मीटरभर आणखी जातो. खालच्यांना तो जाणवतही नाही, वरच्यांचा मात्र पाचवा हिस्सा गेलेला असतो.

3. नळ बंद ठेवून मोजा, मग उघडून मोजा.
चौदाव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, शॉवर नुसता ठिबकतोय." प्लंबर म्हणाला, "साहेब, मोठा पाइप टाकू या." आधी गेज लावलं. नळ बंद असताना 5 मीटरच्या आसपास दाखवत होतं, म्हणजे हिशेबाइतकंच. पाइप कितीही जाड केला तरी हा आकडा वाढत नाही, कारण तो फक्त उंचीचा असतो. मग शेजारचा नळ पूर्ण उघडला. गेज थेट शून्याजवळ आलं. हा पडलेला दाब पाइपात, व्हॉल्व्हात किंवा गाळणीत खर्च होतोय, हे तिथेच कळलं. जुन्या लोखंडी पाइपात गंज धरल्यावर, किंवा गेट व्हॉल्व्हची चकती निसटून मध्येच अडकल्यावर असंच होतं. त्या घरात दोष व्हॉल्व्हचा निघाला.

मोजताना त्याच लाइनवर दुसरं कोणी पाणी वापरत नसावं, नाहीतर बंद नळाचा आकडाही खोटा ठरतो. दुपारी तीनच्या सुमाराची शांत वेळ मला सर्वात सोयीची वाटते.

4. वरच्या मजल्याला वेगळं गेज हवं.
दुकानात सर्रास मिळणारं गेज 0 ते 10 किलोचं असतं. गेजची चूक त्याच्या पूर्ण आवाक्याच्या टक्क्यांत सांगतात. दोन टक्के धरले तर चूक 0.2 किलोची, म्हणजे 2 मीटरची. पहिल्या मजल्यावर 44 मीटर मोजताना ते चालतं. चौदाव्यावर 5 मीटर मोजताना आकडा 3 येईल किंवा 7, आणि दोन्ही खरे वाटतील. तिथे अडीच किलोचं गेज वापरा. शिवाय आकडा गेज जिथे टांगलंय त्या उंचीचा असतो, हे लक्षात ठेवून लिहून घ्या.

5. खालचा दाब कमी करताना खालची उंची विसरू नका.
साडेतीन बारच्या वर गेलं की नळ फिरवताना झटके बसतात आणि कमोडच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह सारखा खराब होतो, असा माझा अनुभव. हिशेबाने आमच्याकडे तिसऱ्या मजल्यापासून खाली हा प्रश्न येतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावतात. तो 12 मीटर उंचीवर बसवून 2 बारला लावला, तरी पहिल्या मजल्याच्या नळाला 2 बार मिळत नाही. व्हॉल्व्हपासून नळापर्यंतचे 8 मीटर त्यात परत जमा होतात आणि आकडा 2.8 बार येतो. तो चालतो, पण आधी माहीत असावा.

6. वरच्यांसाठी बूस्टर निवडताना वजाबाकी करा.
टाकी 3 मीटर उंच केली तर मिळतात फक्त 0.3 बार, आणि त्या वजनासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरची परवानगी लागते. म्हणून बाराव्या ते चौदाव्या मजल्यासाठी टाकीखाली छोटा बूस्टर बसवणं मला योग्य वाटतं. चौदाव्याच्या शॉवरला दीड बार, म्हणजे सुमारे 15 मीटर हवेत. 4 आहेतच. पाइपात 3 जातील असं धरलं, तर पंपाकडून 14 मीटर हवेत. पाटीवरचं सर्वात मोठं हेड बघून पंप घेऊ नका, ते पाणी अजिबात वाहत नसतानाचं असतं. आपल्याला हव्या त्या प्रवाहाला 14 मीटर मिळतात का, ते तक्त्यात बघा. त्याच पंपावर बाराव्या मजल्याच्या शॉवरला 2 बारच्या किंचित वर मिळतं, आणि ते ठीक आहे.

7. महापालिकेच्या पाण्याला हाच नियम, फक्त सुरुवात दुसरीकडून.
मोरबे धरण पूर्ण भरलं की पातळी 88 मीटर असते, हे ऐकून एका सभासदाने विचारलं की मग पाणी आपोआप चौदाव्या मजल्यावर का जात नाही. भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रात पाणी उघड्या टाक्यांत येतं, आणि जिथे पृष्ठभागाला हवा लागते तिथे आधीचा दाब संपतो. जलकुंभातही तेच. आपल्याला मिळतो तो शेवटच्या जलकुंभातल्या पातळीचा दाब, वाटेतली घट वजा करून. आमच्या मीटरजवळ सकाळी गेज 0.7 किलो दाखवतं, म्हणजे 7 मीटर. तेवढ्यावर पाणी जेमतेम दुसऱ्या मजल्याच्या खालच्या नळाला टेकेल. म्हणून जमिनीखालची टाकी आणि पंप.

8. पंप बंद झाल्यावरचं गेज बघा.
आमच्या गच्चीच्या टाकीत पाणी 49.5 मीटरवरून पडतं. खालच्या टाकीतली पातळी जमिनीखाली 2 मीटर, म्हणून उचल 51.5 मीटर, पाइपाची घट धरून पंप साठीच्या आसपास. पंप थांबला की नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूचं गेज साडेपाच किलोवरून खाली येऊन 5 च्या जवळ थांबायला हवं, कारण उभा पाइप भरलेलाच असतो. ते हळूहळू घसरत राहिलं, तर आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून बघा. बहुतेक वेळा बैठकीत खडा अडकलेला असतो.