श्रीखंड : दही किती, साखर किती

एप्रिल-मे म्हणजे ऐन उन्हाळा. याच दिवसांत भीमजयंती येते, बुद्ध पौर्णिमा येते, लग्नसराई असते आणि घरी पाहुण्यांची ये-जा असते. त्यामुळे श्रीखंडाचा बेत बहुधा याच महिन्यांत ठरतो. दही आंबायलाही हाच काळ सर्वांत अनुकूल. बऱ्याच घरांत अंदाजाने दही आणले जाते, ते रात्रभर उष्ण खोलीत टांगले जाते, सकाळी चक्का आंबट लागतो आणि आंबटपणा झाकायला साखर वाढवली जाते. साखर वाढली की श्रीखंडही वाढते, ते उरते, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी मुले खातात. पोट बिघडणे आणि घरातल्या मधुमेही माणसाची साखर चढणे, ही दोन्ही दुखणी या एकाच साखळीतून येतात. म्हणून या पानावर आम्ही श्रीखंडाचे माप सविस्तर देत आहोत.

हिशेब माणसांपासून सुरू करावा

दही किती आणायचे हे खाणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवावे. जेवणाबरोबर एका माणसाला लहान वाटीभर, म्हणजे साधारण 65 ग्रॅम श्रीखंड पुरते. आता उलट मोजत जाऊ.

म्हशीच्या दुधाचे घट्ट दही 1 किलो घेतले आणि नीट निथळले, तर त्यातून साधारण 400 ग्रॅम चक्का मिळतो. बाकी सगळे पाणी असते. या 400 ग्रॅम चक्क्यात 240 ग्रॅम साखर घातली की सुमारे 640 ग्रॅम श्रीखंड होते. म्हणजे 1 किलो दह्यात दहा माणसांचे श्रीखंड होते. पंचवीस माणसे असतील तर अडीच किलो दही लागेल. त्याचा 1 किलो चक्का निघेल, त्याला 600 ग्रॅम साखर लागेल आणि 1 किलो 600 ग्रॅम श्रीखंड तयार होईल.

गाईच्या दुधाचे किंवा सुटे, पातळ दही असेल तर किलोमागे 300 ते 350 ग्रॅमच चक्का निघतो. अशा वेळी पंचवीस माणसांना 3 किलो दही आणावे. दही विकत घेताना वर पाणी सुटलेले आणि वासाला आंबट असलेले घेऊ नये. घरी लावायचे असेल तर 1 लिटर दुधाचे साधारण 1 किलो दही होते. दूध उकळून, बोट सहज ठेवता येईल इतके कोमट झाल्यावर दोन चमचे गोड विरजण लावावे. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. लागल्याबरोबर निथळायला घ्यावे. लागलेले दही तसेच ठेवले तर दर तासाला आंबट होत जाते.

निथळणे

सुती मलमलचे कापड आधी पाण्यात दहा मिनिटे उकळून घ्यावे. साबणाचा वास असलेले किंवा दुसऱ्या कामाला वापरलेले कापड नको. दुहेरी कापडात दही ओतून गाठोडे बांधावे.

फ्रीज असेल तर गाठोडे चाळणीत ठेवून खाली पातेले ठेवावे, वर झाकण घालावे आणि आठ ते दहा तास फ्रीजमध्ये ठेवावे. तिथे दही फारसे आंबत नाही, म्हणून वेळ मिळतो.

फ्रीज नसेल तर रात्रभर टांगू नये. पत्र्याखालच्या खोलीत रात्रीही उष्मा असतो आणि चक्का सकाळपर्यंत आंबतो. त्याऐवजी दही पहाटे निथळायला घ्यावे. पहिला एक तास गाठोडे नुसते टांगावे, म्हणजे मोकळे पाणी आपोआप गळून जाते. मग ते चाळणीत ठेवून वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. या वजनाखाली तीन-चार तासांत चक्का तयार होतो. सुरुवातीलाच पिळले किंवा वजन ठेवले तर कापडातून दहीच बाहेर येते आणि चक्का कमी भरतो. खालचे पातेले परातीत गार पाण्यात ठेवता येते. कारखान्याचा बर्फ वापरायचा असेल तर तो भांड्याच्या बाहेरूनच लावावा, खाण्यात घालू नये.

चक्का झाला हे कसे ओळखायचे? गाठोड्यातून थेंब गळणे थांबते, आणि चक्का कापडाला न चिकटता गोळ्यासारखा सुटतो. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहतो. चव गोडसर-आंबट हवी. चक्का कडू लागला, त्याला तार सुटली, दारूसारखा वास आला किंवा गुलाबी-काळे ठिपके दिसले, तर तो फेकून द्यावा. साखर घातल्याने खराब चक्का चांगला होत नाही.

साखर चक्क्यावर मोजावी

सर्वांत जास्त गडबड इथे होते. साखर दह्याच्या वजनावर ठरवली तर दही पातळ निघाल्यावर श्रीखंड अतिगोड होते. म्हणून चक्का निघाल्यावर त्याचे वजन करावे. आमचे माप असे : दर 100 ग्रॅम चक्क्याला 60 ग्रॅम साखर. चक्क्याइतकीच साखर घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पण चक्का ताजा आणि गोडसर असेल तर 60 ग्रॅममध्ये श्रीखंड चांगले गोड लागते.

घरी वजनकाटा नसेल तर एकच वाटी दोन्हींना वापरावी. चार वाट्या चक्क्याला तीन वाट्या साधी दाणेदार साखर, हे वरच्या मापाच्या जवळ जाते. साखर दळण्याआधी मोजावी. दळलेली साखर फुगते, एका वाटीत तिचे वजन बरेच कमी भरते, त्यामुळे दळल्यानंतर वाटीने मोजले तर हिशेब चुकतो.

चक्का आणि साखर हाताने एकजीव करून एक तास झाकून गार जागी ठेवावे. चक्क्यातल्या उरलेल्या पाण्यात साखर विरघळते आणि मिश्रण आधीपेक्षा सैल होते. ते तसेच व्हायला हवे. म्हणून सुरुवातीला फार घट्ट वाटले तरी दूध घालू नये. तासाभराने पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढले की गुठळ्या राहत नाहीत. मिक्सरमध्ये फिरवल्यास श्रीखंड पातळ होते.

वासासाठी

हे माप 1 किलो दह्याला, म्हणजे 400 ग्रॅम चक्क्याला आहे. सहा-सात वेलदोड्यांचे दाणे कुटून घ्यावेत, ती पूड सपाट अर्धा चमचा होते. जायफळ किसून चिमूटभरच घालावे. ते जास्त झाले तर कडवट लागते आणि गुंगीही येते. केशर असेल तर दहा-बारा काड्या एक चमचा कोमट दुधात भिजवून घालाव्यात. केशर नसले तरी काही अडत नाही. वेलदोड्याचे पांढरे श्रीखंडही उत्तम लागते. पिवळेपणासाठी बाजारातला खुला रंग घालू नये. वरून चमचाभर चारोळी पुरते.

एका वाटीत साखर किती

आमच्या मापाने 64 ग्रॅमच्या वाटीत 24 ग्रॅम साखर जाते, म्हणजे साधारण पाच लहान चमचे. चक्क्याइतकी साखर घातली तर तेवढ्याच वाटीत 32 ग्रॅम जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसभरातली वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. चहा-सरबत धरून हा हिशेब आहे. म्हणजे एका वाटीतच दिवसाचा बराचसा वाटा संपतो. त्या दिवशी चहात साखर कमी घालावी आणि दुसरी वाटी टाळावी.

घरात मधुमेह असलेली आई, आजोबा किंवा मावशी असतील तर साखर घालण्याआधीच त्यांच्यासाठी चार चमचे चक्का वेगळा काढावा. त्यात किसून पिळलेली काकडी, जिरेपूड, कोथिंबीर आणि थोडे मीठ घातले की छान लागते. रक्तदाब असेल तर मीठ अगदी नावापुरते. श्रीखंडात साखरेऐवजी गूळ घातला तर मधुमेहाला चालेल, हा समज चुकीचा आहे. गुळानेही रक्तातली साखर चढते. दोन वर्षांखालच्या बाळाला श्रीखंड देऊ नये. त्यालाही साखर घालण्याआधीचा ताजा चक्का मऊ भातात कालवून देता येतो.

निवळीचे काय करावे

1 किलो दह्यातून सुमारे अर्धा लिटर निवळी निघते. पातेले आणि कापड स्वच्छ असेल तर ती फेकू नये. त्यात थोडे कॅल्शियम आणि पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वे असतात. त्याच दिवशी कणीक मळायला किंवा कढीत घालायला ती वापरावी. कणकेत घातली तर पोळ्या मऊ होतात.

किती वेळ टिकते

साखर ही श्रीखंड टिकवणारी वस्तूही आहे. साखर कमी केली की टिकण्याची मुदतही कमी होते, म्हणूनच दही मोजून आणायचे. फ्रीजमध्ये झाकून ठेवलेले श्रीखंड तीन दिवसांत संपवावे आणि दर वेळी कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढावे. फ्रीज नसेल तर श्रीखंड जेवणाच्या वेळेच्या बेताने तयार करावे, वाढेपर्यंत गार पाण्याच्या परातीत ठेवावे आणि दोन तासांत संपवावे. त्याला बुडबुडे आले, झाकण काढताच आंबूस वास आला किंवा पाणी वेगळे होऊन चव बदलली, तर ते मुलांना देऊ नये. उरेल असे वाटले तर ते ताजे असतानाच शेजारच्या घरी वाटीभर पोचवावे.

दहा माणसांचे माप एकत्र लिहून स्वयंपाकघरात लावून ठेवा : दही 1 किलो, चक्का 400 ग्रॅम, साखर 240 ग्रॅम, वेलदोडे सहा-सात, जायफळ चिमूटभर. चक्का कमी-जास्त निघाला तर दर 100 ग्रॅमला 60 ग्रॅम या हिशेबाने फक्त साखर बदला.